गिटारचा फीडबॅक म्हणजे नुसती बोंब?

जुनी_चाल: गेन फुल्ल करा, अँपसमोर उभे राहा, झाला फीडबॅक. यात कसली आलीय कला? बोवीच्या 'हीरोज' गाण्यातला तो लांबलेला स्वरसुद्धा ई-बोचाच, म्हणजे तार थरथरत ठेवणाऱ्या हातातल्या यंत्राचा. उगाच त्यातल्या गिटारवाल्या फ्रिपची आरती ओवाळू नका.

सुटी_तार: ई-बो नव्हता. १९७७ मध्ये बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत फ्रिपने जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या होत्या, कुठल्या स्वराला स्पीकरपासून किती लांब उभं राहायचं त्याच्या खुणा म्हणून. निर्माता व्हिस्कॉन्टीनेच हे सांगितलंय. झोपाळ्याला धक्का वेळेवर बसला तर झोका वाढतो, अवेळी बसला तर मरतो. स्पीकरचा आवाज तारेला तसाच धक्का देतो. ४४० हर्ट्‌झच्या स्वराची लाट ७८ सेंमीची, म्हणजे ३९ सेंमी सरकलात की तोच धक्का आडवा येतो.

मला हे जमायला दोन महिने लागले. नको त्या तारा तळहाताने दाबायच्या, एक स्वर धरायचा आणि करंगळीने व्हॉल्यूम उघडायचा. स्वर फुगायला लागला की नॉब केसभर मागे. उशीर केलात तर स्वर उडी मारून वरच्या सप्तकात किंवा त्यातल्या पंचमावर जातो. ती उडी हवी तेव्हा घेता येते का? मग बोला कलेबद्दल.

मंडपवाला: आमच्या मंडळात माईक असा किंचाळला की पहिली रांग उठून गेली. साउंडवाला चहाला गेला होता. ही पण कलाच का?

सुटी_तार: काका, तो गाण्याचा माईक. इथे तारेबद्दल चाललंय.

दहाबायबारा: अंतरबिंतर सब झूठ. माझ्या खोलीत कुठेही उभा राहिलो तरी एकच बारीक शिट्टी. गेन कमी करा, विषय संपला.

सुटी_तार: सगळ्या तारा दोन्ही हातांनी दाबून धर. शिट्टी चालूच राहिली तर तारेचा संबंध नाही, तारांखालच्या पिकअपची गुंडाळी थरथरतेय. ती मेणात बुडवून घट्ट करतात.

दहाबायबारा: दाबून पाहिलं. चालूच आहे 😑 मेणबत्ती वितळवू का गॅसवर?

तांब्याची_तार: थेट गॅसवर नको रे, पेटेल! गरम पाण्याच्या भांड्यात मेणाचा डबा ठेव, ६५ अंशांच्या आसपास. जास्त तापलं तर प्लॅस्टिकची बॉबिन वाकते, मी एक पिकअप तसाच घालवलाय.

जुनी_चाल: मेण घातलं की पिकअपचा जीव जातो. कित्येक जुन्या पिकअपांना कुठे होतं मेण?

तांब्याची_तार: म्हणून तर ते शिट्ट्या मारतात! तुमच्या कानांना फरक कळतो म्हणता, मग डोळे बांधून ओळखून दाखवा.

जुनी_चाल: दाखवतो, ये घरी. आणि हो, ई-बो नव्हता, मान्य. जमिनीवर पट्ट्या लावून लंगडी खेळणाऱ्यांना माझा नमस्कार.

सुटी_तार: नमस्कार पोचला. पण खुर्ची हलवली तरी माझ्या खोलीतल्या खुणा चुकतात, त्याचं काय करायचं ते कोणी सांगेल का?

दहाबायबारा: मेण किती वेळ ठेवायचं?