प्रतिसाद: यंत्र मध्यावर ठेवून बघा

> "प्लिंथ रस्त्यापेक्षा ६०० मिमी उंच धरली होती. दुसऱ्या दिवशी यंत्र हलवून मोजली तर ५८८ भरते. यंत्र बिघडलंय का?"

उंची मोजायचं लेव्हल यंत्र बिघडलं नसेल, पण त्याची दृष्टिरेषा किंचित वर झुकलेली असावी. आधीच्या प्रतिसादांत बुडबुडा नीट मध्यात आणण्याचा सल्ला आहे, तो बरोबरच आहे. पण ही चूक बुडबुड्यात दिसत नाही, ती अंतरासोबत वाढते.

समजा पहिल्या दिवशी यंत्र प्लिंथपासून ६ मीटरवर आणि रस्त्यापासून ३६ मीटरवर होतं. रस्त्यावर उभ्या धरलेल्या स्टाफचं, म्हणजे खुणा असलेल्या मोजपट्टीचं, रीडिंग १.६२० मीटर आलं, म्हणून प्लिंथ १.०२० ला धरली. हिशोब चोख आहे. मात्र रेषा दर १० मीटरला ४ मिमी वर जात असेल तर रस्त्याचं रीडिंग १४.४ मिमी आणि प्लिंथचं फक्त २.४ मिमी जास्त येतं. फरक १२ मिमी, तुमचा नेमका तेवढाच! यंत्र दोन्हींपासून सारख्या अंतरावर असेल तर दोन्ही चुका सारख्या होतात आणि वजाबाकीत उडून जातात.

खात्रीसाठी ३० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. आधी बरोबर मध्यावरून फरक काढा, मग त्याच ओळीत एका खुंटीच्या पलीकडे ३ मीटरवर यंत्र लावून पुन्हा काढा. तिथे १२ मिमीच्या आसपास तफावत आली तर यंत्र दुरुस्तीला द्या. तोवर मध्यावरूनच काम करा, आणि स्टाफ हळूच पुढे-मागे झुकवून सर्वांत कमी येणारं रीडिंग घ्या, कारण तिरका स्टाफ नेहमी जास्तच दाखवतो.