मदत हवी आहे : संक्रांतीला निरोप घेणाऱ्या इंटर्नला चिठ्ठी कशी लिहू?

दांडियाबाजारची_लेक

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यात, मकरपुऱ्याच्या एका औषधांच्या लॅबमध्ये तपासणी विभागात आहे. जुलैपासून आमच्याकडे एक मुलगी इंटर्न आहे. १३ जानेवारी तिचा शेवटचा दिवस. १४ला उत्तरायण, १५ला वासी उत्तरायण, म्हणजे दोन्ही दिवस लॅब बंद. तिळगुळाच्या पुडीबरोबर तिला एक चिठ्ठी द्यायची आहे. मराठीच लिहीन, तिच्या घरी मराठीच बोलतात. लॅबमध्ये मात्र ती मला सगळ्यांसारखं 'बेन' म्हणते.

लिहायला बसले की "तू मेहनती आहेस, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा" याच्यापुढे गाडी जात नाही. हे कुणालाही लिहिता येईल. तिने खरंच एक काम केलंय, ते नीट मांडायचं आहे.

ऑगस्टमध्ये एका कच्च्या मालात पाणी ०.५३ टक्के आलं. मर्यादा ०.५. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माल ०.४४. आम्ही नमुन्यावर संशय घेत बसलो. हिने चार दिवस प्रत्येक चाचणीआधी, पाणी मोजायच्या कार्ल फिशरच्या यंत्रावरचा ड्रिफ्ट, म्हणजे नमुना नसतानाही हवेतल्या ओलाव्यावर मिनिटाला खर्च होणारं द्रावण, वहीत उतरवला. सकाळी १०, दुपारी ३०. आमच्याकडे तो फक्त सकाळी बघायची पद्धत होती. मग तिने वाळवणनळी काढून दाखवली. आतलं ओलावा शोषणारं मॉलिक्युलर सिव्ह पावसाळी हवेने पार भरलेलं.

पाणीगेट_वासी

तिला शिक्क्यानिशी अनुभवपत्र द्या. लेटरहेड, कालावधी, विभाग, सही. नमुना हवा तर पाठवतो. माझ्या मुलीला ते मिळायला तीन महिने खेटे घालावे लागले होते.

दांडियाबाजारची_लेक

काका, अनुभवपत्र एचआर देणारच आहे. ही माझ्या हातची चिठ्ठी.

गोडबोले_घरचे

सणाच्या चिठ्ठीत आकडे कशाला? गोड लिहा, मोकळ्या व्हा. मात्र "तुझी जागा इथे पक्की आहे" एवढं जरूर लिहा, मुलांना धीर येतो.

जुना_तपासनीस

मी अशी बरीच मुलं शिकवून पाठवली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागेचं वचन देऊ नका. ते तुमच्या हातात नाही आणि ती त्यावर विसंबून दुसरीकडचा अर्ज थांबवेल. मालाचं नाव आणि बॅच नंबरही चिठ्ठीत नको. ती मुलाखतीला जाताना हा कागद बरोबर नेईल आणि ती माहिती कंपनीची आहे.

आकडे मात्र हवेत, कारण तिने काय पकडलं ते त्यातच दिसतं. तुमची चाचणी साधारण साडेचार मिनिटं चालत असेल आणि ड्रिफ्ट वजा होत नसेल, तर दुपारी सकाळपेक्षा मिनिटाला २० मायक्रोलिटर जास्त, म्हणजे ९० मायक्रोलिटर जास्तीचं द्रावण हवेतल्या ओलाव्यावरच खर्च झालं. द्रावणाची ताकद मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम धरली तर ते ०.४५ मिलिग्रॅम पाणी. नमुना ५०० मिलिग्रॅम असेल तर ०.०९ टक्के. ०.४४ चं ०.५३ होतं ते असं. ज्यातलं पाणी आधीच माहीत असतं त्या सोडियम टारट्रेटची तपासणी तुम्ही सकाळी करत असणार, म्हणून त्यात काही दिसलं नाही.

दांडियाबाजारची_लेक

अगदी बरोबर, सकाळीच करायचो! सिव्ह बदलल्यावर तिने भर दुपारी टारट्रेट लावून पाहिलं. यायला हवं त्या १५.६६ टक्क्यांच्या अगदी जवळ आलं. हे लिहायला मी विसरलेच होते.

अजून एक. सुरुवातीला ती वहीत चुकलेला आकडा गिरवून काळा करायची. दोनदा रागावले. आता एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. हे लिहू का?

गोडबोले_घरचे

नका हो. "गोड बोला" म्हणायचं आणि चूक काढायची?

जुना_तपासनीस

मी लिहीन. ज्या वहीत आकडा गिरवलाय, त्या वहीतल्या ड्रिफ्टवर कुणी विश्वास ठेवला नसता. ती सुधारली म्हणून चार दिवसांच्या नोंदी उपयोगी पडल्या. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात जोडा.

दांडियाबाजारची_लेक

हा कच्चा मसुदा:

"प्रिय …, तिळगूळ घे. ऑगस्टमध्ये आम्ही सगळे नमुन्याकडे बघत होतो, तू यंत्राकडे बघितलंस. सकाळी १०, दुपारी ३०, हे चार दिवस न कंटाळता लिहिलंस आणि नळी उघडायला लावलीस. दुरुस्तीनंतर दुपारीच टारट्रेट लावून खात्री केलीस, ते तुला कुणी सांगितलं नव्हतं. आता दुपारीही ड्रिफ्ट लिहायचा नियम झालाय, तो तुझ्यामुळे. जुलैमध्ये आकडे गिरवायचीस. ऑगस्टच्या पानांवर एकेक रेघ आणि सही आहे, म्हणूनच ती पानं मी साहेबांपुढे ठेवू शकले. — तुझी बेन"

लॅबमध्ये खायचं नेता येत नाही, म्हणून १३ला जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये देईन. गिरवण्याचं वाक्य ठेवू की काढू, अजून ठरत नाहीये. तिच्या वयाच्या कुणी इथे असेल तर सांगा, वाचून कसं वाटेल?