मदत हवी आहे: गूगल वन बंद न करता फुकटच्या १५ जीबीवर आले, तर वरच्या डेटाचं काय होतं?

सायली_पुणे
गूगल वनचा १०० जीबीचा वार्षिक प्लॅन आहे. नऊ दिवसांनी १३०० रुपये आपोआप कापले जातील. यंदा मला भरायचे नाहीत. पण पूर्ण रद्द करायची भीती वाटते, म्हणून फुकटच्या प्लॅनवर जायचा विचार आहे. माझे एकूण ५२ जीबी भरलेत. वरचे ३७ जीबी लगेच उडतात का? कोणते उडतात, जुने की नवे? कृपया लवकर सांगा, नऊच दिवस आहेत.

रानवारा
लगेच काही उडत नाही. मी दीड वर्षापासून मर्यादेच्या वर आहे आणि सगळे फोटो जागेवर आहेत. दोन वर्षांपर्यंत गूगल हात लावत नाही. निवांत राहा.

मोडीलिपी
ताई, गूगल अकाउंट बंद करायचं तर आधी सेटिंगमध्ये Data & privacy उघडा, तिथे खाली अकाउंट डिलीट करायचा पर्याय आहे. आधी सगळीकडचा ईमेल बदलून घ्या, बँकेत आणि आधारला सुद्धा.

सायली_पुणे
@मोडीलिपी, अकाउंट बंद करायचं नाहीये हो! फक्त पैसे भरणं थांबवायचंय.

जुनी_फाईल
सायली, घाईत काही दाबू नका. आधी शब्दांचा घोळ सोडवू. गूगल वनमध्ये "रद्द करणे" आणि "फुकटच्या प्लॅनवर जाणे" या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. सदस्यत्व रद्द केलं की तुम्ही १५ जीबीवर येता, अकाउंट तसंच राहतं. आज रद्द केलं तरी भरलेल्या वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत १०० जीबी तुमचेच. म्हणजे रद्द आजच करून टाका आणि नऊ दिवस शांतपणे आवराआवर करा. फक्त फोनवरून गूगल वनचं ॲप काढून टाकणं म्हणजे रद्द करणं नव्हे. पैसे जिथून भरता तिथे, बहुधा प्ले स्टोअरच्या Subscriptions मध्ये, जाऊन रद्द करावं लागतं.

आता मुख्य प्रश्न. वरचे ३७ जीबी असे वेगळे काढून कुणी ठेवलेले नसतात, त्यामुळे जुने की नवे हा प्रश्नच येत नाही. सगळं दिसतं, उघडतं, उतरवून घेता येतं. बंद पडतं ते नवीन येणं. फोटोंचा बॅकअप थांबतो, ड्राइव्हवर काही चढवता येत नाही, नवं डॉक्युमेंट बनत नाही. आणि जीमेल थांबतं, पाठवायचंही आणि यायचंही. रानवारा, तुमची मेल येते का?

रानवारा
मी ते अकाउंट मेलसाठी वापरतच नाही, फक्त फोटो आहेत. पण फोटो आहेत हे तर खरं ना?

जुनी_फाईल
खरं आहे. पण सायलींचं मुख्य अकाउंट हेच असेल तर त्यांच्यासाठी तुमचा सल्ला धोक्याचा आहे. पाठवणाऱ्याकडे मेल परत जाते, तुम्हाला काहीच कळत नाही. नंतर जागा केली तरी परत गेलेली मेल आपणहून येत नाही.

सायली_पुणे
अरे बापरे. हो, हेच मुख्य आहे. बँक, मुलाची शाळा, सोसायटी, सगळं यावरच.

पाचवा_मजला
यावर सोपा उपाय: महिन्यातून एकदा लॉगिन करायचं. दोन वर्षं वापर नसेल तरच गूगल डेटा काढतं, वापर चालू असेल तर कधीच नाही. माझ्या मेव्हण्यानेच सांगितलंय, तो आयटीत आहे.

जुनी_फाईल
पाचवा मजला, तुम्ही दोन नियम एक केलेत. एक नियम निष्क्रिय अकाउंटचा: दोन वर्षं कुणी फिरकलंच नाही तर अकाउंट जाऊ शकतं. दुसरा नियम जागेचा, तो १ जून २०२१ पासून लागू आहे. सलग दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलात तर फोटो, ड्राइव्ह आणि जीमेलमधला मजकूर काढला जाऊ शकतो. तिथे रोज लॉगिन केलंत तरी उपयोग नाही, कारण घड्याळ वापरावर नाही, भरलेल्या जागेवर चालतं. आधी सूचना येतात, पण त्या वाचायला हव्यात.

पाचवा_मजला
"काढला जाऊ शकतो" म्हणजे काढतातच असं नाही. कुणाचा खरंच गेलाय का, इथे कुणी सांगेल का?

रानवारा
तेच म्हणतोय मी.

जुनी_फाईल
माझ्या ओळखीत कुणाचा गेलेला नाही. पण मुलाच्या पहिल्या पावलाच्या व्हिडिओवर मी ती परीक्षा घेणार नाही. सायली, तीन गोष्टी सांगा. ५२ जीबीची फोड काय आहे? फोनवर कधी Free up space दाबलंय का? आणि हा प्लॅन घरात आणखी कुणाला शेअर केलाय का?

सायली_पुणे
फोटो ४१, जीमेल ७, ड्राइव्ह ४. Free up space बरेचदा दाबलंय, फोन सारखा भरतो. शेअर फक्त बाबांना केलाय, ते सांगलीला असतात. पण ते फारसं वापरत नाहीत.

आणि एक विचित्र झालंय. काल रात्री मी २०१९ च्या कोकण सहलीचे आणि २०२० चे मिळून सातशे-आठशे फोटो डिलीट केले. ट्रॅशही रिकामा करणार होते, तेवढ्यात आकडा बघितला तर अजून ४१ च. काही बिघडलंय का?

जुनी_फाईल
ट्रॅश रिकामा करू नका! ते फोटो आत्ताच्या आत्ता परत आणा, बॅकअप असलेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात.

कारण असं: १ जून २०२१ च्या आधी "High quality" या सेटिंगमध्ये चढवलेले फोटो मोजलेच जात नाहीत. ते आजही फुकट आहेत. तुमचे २०१९-२० चे फोटो बहुतेक त्यातले आहेत. म्हणजे तुम्ही जे उडवत होतात त्याने एक एमबीसुद्धा मोकळी झाली नसती, आणि Free up space दाबलेलं असल्यामुळे फोनवरही त्यांची प्रत उरलेली नसणार. खात्री करायची तर फोन विमान मोडवर टाका आणि जुना फोटो उघडा. धूसरच राहिला, नीट झाला नाही, तर मूळ फोटो फक्त गूगलकडे आहे.

सायली_पुणे
परत आणले सगळे. विमान मोडवर बघितलं, २०२२ पर्यंतचा एकही फोटो स्पष्ट होत नाही. हात थरथरतोय.

कोकणकडा
म्हणून मी गेली सहा वर्षं सांगतोय, क्लाउडवर विसंबू नका. दोन टीबीची हार्ड डिस्क घ्या, एकदाच खर्च. मी घरी दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून वापरायचा साठवणीचा डबा, लावलाय, चालवायला जेमतेम वीज लागते. कसा लावायचा त्यावर वेगळा धागा काढू का?

मीनल_जोग
कोकणकडा, डिस्क पडली की सगळंच जातं. माझी एकुलती एक डिस्क टेबलावरून पडली तेव्हा लग्नाचे फोटो गेले. एका डिस्कवर ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे.
अवांतर: माझा आयफोन आहे, आयक्लाउड फक्त ५ जीबी फुकट देतं. तिथेही असंच होतं का?

कोकणकडा
म्हणूनच दोन डिस्क म्हणालो ना! वाचा तरी नीट.

जुनी_फाईल
मीनल, थोडक्यात: तिथेही नवे फोटो चढणं, फोनचा बॅकअप आणि आयक्लाउडच्या पत्त्यावरची मेल थांबते. बाकी वेगळा धागा काढा, इथे सायलींकडे दिवस कमी आहेत.

सायली, आधी प्रत काढा, मग डिलीट. takeout.google.com उघडा, फक्त फोटो निवडा. आत वर्षाप्रमाणे अल्बम दिसतात, Photos from 2022 असे. सगळी वर्षं एकदम मागवू नका. मोजले न गेलेले जुने फोटोही त्यात येतात, त्यामुळे ४१ जीबीच्या हिशोबाने बसाल आणि लॅपटॉपवर त्याच्या दुप्पट येईल. एकेक वर्ष मागवा. फाईल ड्राइव्हवर पाठवायचा पर्याय घेऊ नका, ती तुमच्याच जागेत मोजली जाते. ईमेलने लिंक घ्या. ती साधारण आठवडाभरच चालते आणि तयार व्हायला कधी तास, कधी दिवस लागतात, म्हणून आजच मागवा. उतरवलेली प्रत्येक झिप उघडून मधलेच दोन-तीन व्हिडिओ चालवून बघा.

मग photos.google.com/quotamanagement वर जा. तिथे मोठ्या व्हिडिओंची वेगळी यादी मिळते. तुमचे ४१ जीबी फोटोंनी नाही, व्हिडिओंनी भरले असणार. गूगल फोटोजमधून डिलीट केलं की फोनवरूनही जातं, हे लक्षात ठेवा.

पाचवा_मजला
डिलीट कशाला? तिथेच जुने फोटो-व्हिडिओ Storage saver मध्ये बदलायचा पर्याय आहे. एका क्लिकमध्ये जागा मोकळी.

मीनल_जोग
आणि दर्जा? मोठ्या प्रिंट काढायच्या असतील तर?

जुनी_फाईल
पाचवा मजला या वेळी बरोबर आहेत, थोडी भर घालतो. फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८०पी पर्यंत खाली येतात. घरच्या प्रिंटला १६ पुरतात. खरी जागा सुटते ती फोर-के व्हिडिओंची. पण ते परत फिरवता येत नाही, म्हणून हेही प्रत काढल्यावरच.

आणि बाबांचं विसरू नका. प्लॅन तुमच्या नावावर आहे, तुम्ही थांबवलंत की त्यांनाही १५ च जीबी राहतील. त्यांचे किती भरलेत ते बघून सांगा.

सायली_पुणे
आत्ता फोन करून बघितलं. १९ जीबी! त्यात ११ जीबी व्हॉट्सॲपचा बॅकअप. हे कसं शक्य आहे? तो तर मोजत नव्हते ना?

रानवारा
आधी नव्हते मोजत. अँड्रॉइडवर २०२४ पासून मोजतात. माझ्या आईचंही असंच झालं. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ सगळे. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये Include videos बंद करा आणि एकदा हाताने बॅकअप घ्या, आकडा बराच उतरतो.

सायली_पुणे
बाबांची पेन्शनची मेल जीमेलवरच येते. हे कळलं नसतं तर त्यांना कुणी सांगितलंच नसतं. रानवारा, जुनी_फाईल, मनापासून आभार.

सध्याची परिस्थिती: प्लॅन रद्द केलाय, नऊ दिवस हातात आहेत. २०२२ आणि २०२३ च्या झिप आल्या. २०२३ च्या तीनपैकी एक उघडत नाही, पुन्हा उतरवतेय. बाबांचे आता १३ जीबी आहेत. जीमेलमध्ये larger:10M टाकून शोधलं तर बिल्डरच्या नकाशांचे साडेतीन जीबी निघाले, ते लगेच काढले.

एक शेवटचं विचारते. बहिणीसोबत शेअर केलेल्या अल्बममध्ये माझे व्हिडिओ आहेत. मी डिलीट केले तर तिच्याकडूनही जातील का?

जुनी_फाईल
जातील. तिने स्वतःच्या लायब्ररीत जतन केले असतील तर राहतील, पण मग ते तिच्या १५ जीबीत मोजले जातात. आधी तिला विचारा.

सायली_पुणे
ती दुबईला आहे, उद्या सकाळी फोन करते. तोपर्यंत त्या अल्बमला हात लावत नाही.

कोकणकडा
नॅसचा धागा काढलाय, लिंक व्यनि करतो.