मदत हवी आहे: १५ डिसेंबरचा ॲडव्हान्स टॅक्स, आणि कापलेला पण न दिसणारा टीडीएस

शब्दवेडी:
मी कोल्हापुरात घरून भाषांतर आणि सबटायटलिंग करते. यंदा (२०२५-२६) साधारण १८ लाख जमा होतील. त्यातले ११ लाख परदेशी एजन्सीचे, त्यावर टीडीएस नाही. उरलेले ७ लाख इथल्या क्लायंटकडून, ते १० टक्के कापतात, म्हणजे ७० हजार. खर्च ३ लाखांच्या आसपास, बिलं आहेत. बाकी उत्पन्न नाही, नवी करप्रणाली.
टीडीएस कापला जातोय म्हणजे झालं, या समजुतीत जून आणि सप्टेंबरचे हप्ते भरलेच नाहीत. दुसरी भानगड अशी की, एका एजन्सीने मे महिन्यात २.५ लाखांच्या बिलातून २५ हजार कापले, पण २६एएसमध्ये त्याचा पत्ता नाही. आता १५ डिसेंबरला किती भरू?

कोडकर:
हप्ते कसले मोजतेस? ४४एडीए घे. जमेच्या निम्मं उत्पन्न दाखवायचं आणि सगळा टॅक्स १५ मार्चला एकदम. मी चार वर्षं हेच करतोय.

वहीखाते:
कोडकर, तुमचं बरोबर आहे, पण ते तुमच्यासाठी. ४४एडीए ठरावीक व्यवसायांनाच आहे: वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, आयटी वगैरे. भाषांतर त्या यादीत नाही. काही जण ४४एडी लावतात, काही सीए त्याला नाही म्हणतात. माझ्याकडे दोन्ही मतांचे अशील आहेत. ताईंकडे बिलं आहेत, तेव्हा मी सरळ हिशेब धरतो.

१८ लाखांतून ३ लाख खर्च गेला, उरले १५ लाख. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ लाखांचे २० हजार, त्यापुढच्या ४ लाखांचे ४० हजार, शेवटच्या ३ लाखांचे ४५ हजार. एकूण १,०५,००० आणि ४ टक्के सेस धरून १,०९,२००. त्यातून ७० हजार टीडीएस वजा केला की ३९,२०० राहतात. ही रक्कम १० हजारांच्या वर गेली की ॲडव्हान्स टॅक्स लागतोच. तुमच्या ११ लाखांवर कोणी काहीच कापत नाही, म्हणून ती राहते.

जूनपर्यंत १५ टक्के, सप्टेंबरपर्यंत ४५, डिसेंबरपर्यंत ७५, मार्चपर्यंत पूर्ण. हे आकडे एकूण मिळून आहेत. म्हणजे आता ३९,२०० चे ७५ टक्के, २९,४०० एकदम भरा, मागचे दोन्ही हप्ते त्यातच आले. चुकलेल्या हप्त्यांचं व्याज तीन-तीन महिन्यांचं, दरमहा १ टक्का. तुमच्या बाबतीत मिळून सातशेच्या आसपास. झोप उडवण्याइतकं नाही.

निवांत_काका:
मी ६७ वर्षांचा. ज्येष्ठांना ॲडव्हान्स टॅक्स नाहीच मुळी. मीही भाषांतरं करतो, कधी भरला नाही.

वहीखाते:
काका, ती सूट व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्यांना. पेन्शन आणि व्याज असतं तर प्रश्न नव्हता. भाषांतराची फी आली की सूट गेली. तुमचाही हिशेब मांडून बघा.

शब्दवेडी:
आणि ते २५ हजार? वजा धरू की नको?

वहीखाते:
मे महिन्यात कापलेल्या टीडीएसचं विवरण भरायची मुदत ३१ जुलैला संपली. डिसेंबरात दिसत नाही म्हणजे तीनपैकी एक: पॅन चुकीचा टाकला, विवरण भरलं नाही, किंवा पैसे कापून खिशात ठेवले. त्यांच्याकडे चलनाचा तपशील आणि फॉर्म १६ए मागा. उत्तर कसं येतं त्यावरून कळतं.
खरंच कापलेला टीडीएस तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही, तसं कलमच आहे. पण संगणक २६एएस बघतो, आणि तिथे नसलं की डिमांड येते. भांडायला बिल, ईमेल आणि कापून आलेली रक्कम दाखवणारं बँक स्टेटमेंट जपून ठेवा.
मी असतो तर ते २५ हजार नाहीतच असं धरून भरलं असतं. मग बाकी ६४,२००, त्याचे ७५ टक्के ४८,१५०. नंतर ते दिसले की मार्चचा हप्ता कमी करता येतो.

कोडकर:
सरकारला उगाच बिनव्याजी पैसे? मी २९,४०० च भरले असते.

वहीखाते:
तेही चालेल. एजन्सीवर विश्वास किती, यावर आहे.

शब्दवेडी:
फोन केला. अकाउंटंट म्हणाले, "रिटर्न रिव्हाइज करायचंय." कधी, ते सांगेनात. चलनही पाठवेनात. ४८,१५० भरले. ४४एडीचं सीएला विचारणार आहे.

निवांत_काका:
मांडून बघितलं, माझेही निघतायत. `e-Pay Tax` मध्ये वर्ष २०२५-२६ टाकू ना?

वहीखाते:
थांबा काका! तिथे असेसमेंट इयर विचारतात, ते २०२६-२७. आणि प्रकार `Advance Tax (100)`.