मदत हवी आहे: टेबलटॉप ग्राइंडरचा ड्रम तांदूळ वाटताना थांबतो

सायली_डोंबिवली
आमचा दोन लिटरचा ग्राइंडर, दोन दगडांचा. उडीद छान वाटला जातो. तांदूळ टाकून पीठ दाट झालं की ड्रम मंदावतो आणि थांबतो. मोटर मात्र फिरत असते आणि रबर जळाल्यासारखा वास येतो. दुरुस्तीवाला म्हणतो मोटर गेली. खरंच?

निखिल_आर
बेल्ट सैल झालाय. नवीन टाका, विषय संपला.

फिटरकाका
मोटर फिरतेय तर ती गेली कशी? कपॅसिटर किंवा मोटर बिघडली असती तर नुसती घुमली असती. तुमच्याकडे बेल्ट घसरतोय, पण लगेच नवीन आणू नका. प्लग काढा, ड्रम आणि दगड बाजूला ठेवा, मशीन उलटं करून खालचं झाकण उघडा. दोन पुलींच्या मधोमध बेल्ट बोटाने दाबा. साधारण एक सेंटीमीटर दबला तर ठीक. जास्त दबला तर मोटरचे बोल्ट थोडे ढिले करा, मोटर खाचेत बाहेरच्या बाजूला सरकवा आणि पुन्हा आवळा. फार ताणलात तर बेअरिंगवर भार येतो. बेल्ट आतून चकचकीत किंवा चिरलेला असेल तरच बदला. तेल अजिबात लावू नका.

मालतीआजी
माझा मिक्सर पण असाच थांबतो हो. तळाचं लाल बटण दाबलं की सुरू होतो.

फिटरकाका
आजी, ते ओव्हरलोडचं बटण. तुमची भानगड वेगळी.
सायलीताई, दगडही तपासा. कोरड्या दगडांच्या अंगावर खडूची उभी रेघ ओढा, दगड बसवा आणि ड्रम हाताने एक-दोन फेरे फिरवा. रेघ लांबीभर पुसली गेली पाहिजे. एकाच टोकाला पुसली तर तो दगड तिरका बसतोय.

सायली_डोंबिवली
काका, बेल्टवर वाळलेलं पीठ होतं! कोरड्या फडक्याने पुसलं, मोटर जराशी सरकवली. आता अर्धं माप न थांबता वाटलं जातं, पूर्ण मापाला अजून मंदावतो. एका दगडाची रेघ फक्त बाहेरच्या टोकाला पुसली गेली.

फिटरकाका
दगड सारखे असतील तर त्यांची अदलाबदल करून पुन्हा रेघ ओढा. खोट दगडाबरोबर गेली तर त्याच्या आतलं नायलॉनचं बुश झिजलंय. त्याच बाजूला राहिली तर दगड धरणारा दांडा वाकलाय. आणि बेल्टवर पीठ आलं कुठून? ड्रमच्या मधल्या नळीपाशी तडा आहे का? झाकण उघडं असताना ड्रममध्ये थोडं पाणी घालून ठेवा, मशीन बंदच असू दे.

निखिल_आर
पाणी बेल्टवर आलं की तो कितीही आवळा, घसरणारच. हे मी विसरलोच होतो.

सायली_डोंबिवली
बुशचंच दिसतंय, खोट दगडाबरोबर गेली. पाणी अजून तरी खाली आलेलं नाही. पीठ ड्रमच्या काठावरून ओघळलं असेल का?

फिटरकाका
असू शकतं. आधी बुश बदला. बुश आणायला जाताना दगड सोबत न्या, नुसत्या मॉडेलच्या नावावर माप जुळत नाही.