मदत हवी आहे: /21 च्या सबनेटमध्ये .255 ने संपणारा अॅड्रेस होस्टला देता येतो का?

सायली_न
नमस्कार मंडळी,
नेटवर्किंगच्या परीक्षेची तयारी करतेय. सराव प्रश्नपत्रिकेतल्या एका प्रश्नावर कालपासून अडून बसले आहे. एका संगणकाचा अॅड्रेस 172.16.37.200 आणि सबनेट मास्क 255.255.248.0 दिला आहे. त्याच सबनेटमधल्या दुसऱ्या संगणकाला यांपैकी कोणता अॅड्रेस देता येईल, असं विचारलंय:

अ) 172.16.32.0
आ) 172.16.35.255
इ) 172.16.39.255
ई) 172.16.40.1

शेवटी 0 किंवा 255 असलेला अॅड्रेस वापरायचा नाही असं डोक्यात पक्कं होतं, म्हणून पहिले तीन सरळ खोडले आणि ई लिहिलं. उत्तर निघालं आ. मग नीट बसून रेंज काढली. तिसऱ्या ऑक्टेटमध्ये ३२ ते ३९ येतात, म्हणजे ई बाहेर गेला, ते पटलं. पण आ कसा चालतो?

पुढच्या उपप्रश्नात एकूण किती होस्ट बसतील हे विचारलंय. ३२ ते ३९ असे आठ आकडे, प्रत्येकात २५४ होस्ट, म्हणून मी २०३२ लिहिलं. उत्तर २०४६ आहे. मधले १४ कुठून आले? सूत्र मला पाठ आहे, पण माझा गुणाकार का चुकला ते कळत नाहीये.

केबल_कटर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर छापताना चुकलं असणार. 255 म्हणजे ब्रॉडकास्ट, तो कुठल्या यंत्राला देतात का? मी इतकी वर्षं नेटवर्क सांभाळतोय, एकदाही दिलेला नाही. २०४६ मात्र बरोबर आहे. 21 बिट नेटवर्कचे, उरले 11, त्यामुळे 2^11 - 2.

जुना_राउटर
केबल_कटर, तुमची दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत. २०४६ बरोबर धरलं की आ सुद्धा बरोबर धरावाच लागतो. सायलीताईंना न सापडलेल्या चौदांपैकीच तो एक आहे.

ताई, तुमची रेंज अगदी बरोबर आहे. फक्त त्या रेंजकडे आठ वेगळ्या खोल्या म्हणून पाहू नका. ती एकच लांब खोली आहे. 172.16.32.0 पासून 172.16.39.255 पर्यंत सलग २०४८ अॅड्रेस. त्यातला अगदी पहिला नेटवर्कचा, अगदी शेवटचा ब्रॉडकास्टचा. वजा करायचे ते हे दोनच. तुम्ही प्रत्येक आकड्यामागे दोन असे सोळा वजा केलेत, म्हणून १४ जास्तीचे गेले. मोजून पाहा: 32.255, मग 33.0 आणि 33.255, असं करत 38.255 आणि शेवटी 39.0. बरोबर चौदा भरतात.

आता हे असं का, ते तिसरा ऑक्टेट बिटांत मांडला की दिसतं:

```
37        00100 101
248       11111 000
नेटवर्क    00100 000  = 32
शेवट       00100 111  = 39
```

मास्कमध्ये 1 आहेत तिथपर्यंत नेटवर्क. त्यानंतरचे तीन बिट आणि चौथ्या ऑक्टेटचे आठ, हे अकरा बिट मिळून होस्टचा भाग होतो. ब्रॉडकास्ट तेव्हाच, जेव्हा अकराच्या अकरा बिट 1 असतात. 35.255 मध्ये ते 011 11111111 असे येतात. सगळ्यात पुढे 0 आहे, म्हणजे हा साधा होस्ट. 39.255 मध्ये 111 11111111, हा खरा ब्रॉडकास्ट. ठिपका फक्त आपल्याला वाचायला सोपं जावं म्हणून असतो, यंत्राला तो दिसतच नाही.

तुमचा जुना नियम पूर्ण खोटा नाही. तो /24 चा नियम आहे आणि तिथे नेमका बसतो. आपण सगळे शिकताना /24 ची उदाहरणं इतकी सोडवतो की तो सगळीकडे लागू आहे असं वाटू लागतं.

पहिला_प्रयत्न
माझा गोंधळ वेगळाच आहे. 256 मधून 248 वजा केले की 8, त्यातून 2 गेले, उरले 6. मग होस्ट सहाच ना?

जुना_राउटर
248 चौथ्या ऑक्टेटमध्ये असता, म्हणजे मास्क 255.255.255.248 असता, तर सहाच. इथे तो तिसऱ्यात आहे. त्यामुळे ते 8 म्हणजे सबनेट तिसऱ्या ऑक्टेटमध्ये किती आकड्यांच्या उड्या मारतं ते: 0, 8, 16, 24, 32, 40. सदतीस हा 32 आणि 40 च्या मध्ये पडतो. ती वजाबाकी रेंज शोधायला वापरा, होस्ट मोजताना बिटच मोजा.

केबल_कटर
बिट मांडून पाहिले, चूक माझी होती. उत्तर बरोबरच छापलंय. पण प्रत्यक्षात मी .255 तरीही देणार नाही. एकदा प्रिंटरला असाच अॅड्रेस गेला होता, सबनेट /21 चंच. अर्ध्या संगणकांवरून छपाई व्हायची, अर्ध्यांवरून नाही. शेवटी अॅड्रेस बदलला आणि सुटलो. कारण आजवर कळलेलं नाही.

जुना_राउटर
न चालणाऱ्या संगणकांवर मास्क हाताने 255.255.255.0 टाकलेला होता का? असेल, आणि ते संगणक प्रिंटरसारखेच 172.16.35 मधले असतील, तर त्यांच्या हिशेबात 35.255 हा ब्रॉडकास्टच होतो. लिनक्सवर हे लगेच दिसतं:

```
$ ip addr
inet 172.16.35.20/24 brd 172.16.35.255
$ ping 172.16.35.255
Do you want to ping broadcast? Then -b
```

मास्क बरोबर असता तर brd पुढे 172.16.39.255 आलं असतं. दोष अॅड्रेसचा नव्हे, मास्कचा. तरी तुमच्या नेटवर्कमध्ये हेच झालं होतं असं मी इथून सांगू शकत नाही.

केबल_कटर
काही संगणकांचे अॅड्रेस हाताने टाकलेले होते हे नक्की. मास्क काय होता ते आता आठवत नाही.

सायली_न
जुना_राउटर, खूप आभार. ‘एकच लांब खोली’ वाचलं आणि १४ चा हिशेब लागला. पडताळा म्हणून 10.1.77.5 /22 स्वतः सोडवलं: उडी 4 ची, रेंज 10.1.76.0 ते 10.1.79.255, होस्ट १०२२. मधला 10.1.78.0 होस्टला देता येईल. बरोबर का?

आणि एक शंका. /31 ला हे सूत्र लावलं तर 2 - 2, म्हणजे शून्य येतं. परीक्षेत शून्य लिहायचं?

जुना_राउटर
/22 अचूक.

/31 वर मी ठाम उत्तर देणार नाही. दोन राउटरमधल्या थेट जोडणीसाठी २००० साली आलेल्या आरएफसी ३०२१ नुसार दोन्ही अॅड्रेस वापरता येतात. अशा जोडणीला दोनच टोकं असतात, तिथे ब्रॉडकास्टची गरज नसते. प्रश्नात तशा जोडणीचा उल्लेख असेल तर २ लिहा.

पहिला_प्रयत्न
आमच्या सरांनी शून्य बरोबर धरलं होतं, प्रश्नात जोडणीचा उल्लेख नव्हता.

केबल_कटर
मी तर २ च लिहीन, राउटरवर रोज वापरतो. पण गुण देणारा कोणतं धरेल ते अभ्यासक्रमात पाहावं लागेल. ताई, तुमच्या अभ्यासक्रमात /31 चा उल्लेख आहे का?

सायली_न
थेट जोडणीच्या प्रकरणात /30 चीच उदाहरणं आहेत, /31 कुठेच नाही. उद्या सरांना विचारून इथे लिहिते.