एडीएचडी असलेल्या मुलांच्या मनातली धास्ती : तुमच्या लक्षात कधी आली?

सायली
काल लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचा मुलगा भेटला. शर्टाची कॉलर चावून चावून ओली केलेली. घरी येऊन बराच वेळ नुसती बसून राहिले. आमच्या लेकाच्या दुसरीतल्या सगळ्या कॉलरी अशाच असायच्या आणि मी फक्त 'तोंडातून काढ ते' म्हणत राहिले.

एडीएचडीचं निदान झालेलं होतं, त्यामुळे पुढे जे दिसलं ते सगळं आम्ही त्याच्याच खात्यावर टाकलं. सकाळी बूट घालताना थयथयाट. मोज्याची शिवण टोचते, बूट घट्ट होतो, मग बूट भिरकावून जमिनीवर लोळण. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवतायत. मी आधी समजवायचे, मग ओरडायचे, शेवटी उचलून न्यायचे.

समुपदेशक ताईंनी दोन आठवडे वहीत लिहायला लावलं. वार, वेळ, त्याआधी काय घडलं, रात्री झोप कधी लागली. शाळेच्या 10 दिवसांत 5 वेळा थयथयाट, त्यातले 4 मंगळवारी आणि शुक्रवारी. बूट तर रोज तेच! त्या दोन दिवशी मराठीच्या तासाला हजेरी क्रमांकाने उभं राहून धडा वाचायचा असायचा. याचा क्रमांक 17. आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येईल ते तो आदल्या रात्री अंथरुणात मोजत पडायचा.

तुम्हाला कशावरून कळलं? लिहा ना.

ओवीची_आई
17 नंबर वाचून पोटात तुटलं गं. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी पोटदुखी. दोनदा सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. शनिवारी कधीच दुखायचं नाही हे आजीनं दाखवून दिलं.

पराग७९
आमचा दिवसातून वीसदा विचारायचा, 'बाबा, घ्यायला तूच येणार ना?' मी वीसदा 'हो राजा'. मला वाटायचं विसरतो, लक्ष नसतं त्याचं. नंतर कळलं की त्याला उत्तर पाठ होतं. आता एकदाच सांगतो आणि पुढच्या वेळी 'तूच सांग, काय ठरलंय?' म्हणतो. पहिले चार दिवस फार रडला. माझंही चुकत असेल, माहीत नाही.

गौरी_नाशिक
गोळीमुळे होतं हे सगळं. आम्ही बंद केली, महिन्यात फरक.

विशाखा (विशेष शिक्षिका)
गौरीताई, काही मुलांची घबराट गोळीने वाढते हे खरं आहे. काहींची उलट कमी होते, कारण वर्गात ओरडा खाणं कमी होतं. गोळीचा अंमल उतरतानाही चिडचिड होते, पण ती रोज साधारण ठरल्या वेळी. म्हणून वेळ लिहून डॉक्टरांना दाखवा, परस्पर बंद नको.

सायली, तुमच्या वहीनं नेमकं काम केलं. एडीएचडीची चुळबुळ शाळेत, जेवताना, लग्नाच्या पंगतीत, सुट्टीतही सोबत असते. धास्तीची चुळबुळ वार आणि जागा बघून येते. अर्थात एकाच मुलात दोन्ही असतात तेव्हा इतकं स्वच्छ दिसत नाही, आणि असं बऱ्याच मुलांत असतं. धास्तीनंही लक्ष उडतं, त्यामुळे आई-बाबाच काय, आम्हीही फसतो. सगळ्यात जास्त निसटतं ते शाळेत गुणी असलेलं मूल. दिवसभर धरून ठेवतं आणि घरी दप्तर टाकलं की फुटतं.

मंदार_पुणे
मोबाइल काढून घ्या. माझा पुतण्या पंधरा दिवसांत सुधारला.

ओवीची_आई
@मंदार_पुणे दादा, आमच्याकडे मोबाइल नाहीच. @सायली बिनशिवणीचे मोजे मिळतात का कुठे? ओवीलाही टोचतात.

सायली
मोजे उलटे घालून बघ, शिवण बाहेर येते. आमच्याकडे अजून उलटेच चालतात. शिवण त्याला खरंच टोचायची, पण बाकीच्या दिवशी सोसायचा.

केतकी_आर
मी स्वतः तशी मुलगी होते, आता 34 वर्षांची आहे. खोडून खोडून वहीला भोकं पाडायचे. 'गचाळ' म्हणून मार खाल्ला. चूक दिसली तर बाई वही वर धरून दाखवतील, एवढंच डोक्यात असायचं. कुणी विचारलंच नाही.

ओवीची_आई
@केतकी_आर 💛

पराग७९
सायली, मग वाचनाचं काय केलंत? सूट मागितली?

सायली
मागणार होते. ताई म्हणाल्या, पूर्ण सूट दिली तर भीती तिथेच घट्ट बसेल. बाईंनी ऐकलं, हे आमचं नशीब. परिच्छेद आदल्या दिवशी सांगायच्या. आधी जागेवर बसून दोन ओळी, मग उभं राहून दोन, मग चार. साधारण सहा आठवडे लागले. बूट भिरकावणं पंधरवड्यातून एखाद्या वेळेवर आलं.

विशाखा (विशेष शिक्षिका)
पायऱ्या छान पाडल्यात. वाचन चाचणी झाली का पण? इतकी भीती असेल तर मुळात अक्षरं जुळवायला जड जातंय का ते बघायला हवं.

सायली
नाही झाली. आमच्या डोक्यातच आलं नाही. आणि जूनपासून बाई बदलल्यात, मंगळवारी परत बूट भिरकावला.